कण रेघेला शिवला का? परावर्तन तत्त्वाने शक्यता काढण्याची रीत

सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब आहे आणि त्यात एक मायक्रॉन व्यासाचा पॉलिस्टायरीनचा गोल कण. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी आदळत असल्यामुळे तो सतत थरथरतो आणि वाट फुटेल तिकडे सरकतो. आत्ता तो जिथे आहे तिथून उजवीकडे १५ मायक्रॉनवर एक उभी रेघ आहे असं धरा. पुढच्या १०० सेकंदांत हा कण त्या रेघेला निदान एकदा तरी शिवेल, याची शक्यता किती?

प्रश्न जरा बदलून 'शंभराव्या सेकंदाला कण रेघेच्या पलीकडे असेल का' असा विचारला, तर उत्तर प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यातून थेट मिळतं. मूळ प्रश्न मात्र अवघड दिसतो. 'एकदा तरी' म्हटलं की १०० सेकंदांतला प्रत्येक क्षण हिशोबात येतो. असे क्षण अगणित आहेत, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्रही नाहीत. तरीही उत्तर आश्चर्य वाटावं इतकं सोपं आहे: शेवटच्या क्षणी पलीकडे असण्याची जी शक्यता, तिच्या बरोबर दुप्पट. फ्रेंच गणितज्ञ लुई बाशेलिए यांनी १९०० साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात हेच विधान शेअरबाजारातल्या भावांबद्दल आहे. ठरावीक मुदतीत एखादा भाव गाठला जाण्याची शक्यता ही मुदतीच्या शेवटी तो ओलांडलेला असण्याच्या शक्यतेच्या दुप्पट असते, असं ते म्हणतात. ही दुप्पट कुठून येते, ती कधी लागू पडते आणि कधी फसवते, ते आपण या एकाच कणाच्या आधाराने पाहू. त्यासाठी प्रसामान्य वितरणाचा तक्ता वाचता आला की पुरे.

पायरी १: आधी मोजपट्टी ठरवा

आपल्याला कणाची फक्त डावी-उजवी हालचाल हवी आहे, वर-खाली आणि पुढे-मागे होणारी सोडून देऊ. t सेकंदांनंतरच्या स्थानाला W(t) म्हणू, आणि सुरुवातीला W(0) = 0. या वाटेबद्दल आपण तीन गोष्टी गृहीत धरतो. पुढची हालचाल आधी काय झालं यावर अवलंबून नाही. कोणत्याही कालावधीतलं सरकणं प्रसामान्य वितरणाचं असून त्याची सरासरी शून्य आहे, आणि विचरण त्या कालावधीच्या प्रमाणात वाढतं. तिसरी गोष्ट म्हणजे वाट अखंड आहे, कण एका जागेवरून नाहीसा होऊन दुसरीकडे उगवत नाही. या तिन्ही अटी पाळणाऱ्या वाटेला ब्राउनीय गती म्हणतात.

विचरण किती वेगाने वाढतं ते स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्रातून येतं: D = kT / (6πηr). इथे D म्हणजे विसरणाचा गुणांक, k बोल्ट्झमनचा स्थिरांक, T केल्विनमधलं तापमान, η पाण्याची श्यानता आणि r कणाची त्रिज्या. तापमान २५ अंश सेल्सियस, पाण्याची श्यानता ०.८९ मिलिपास्कल-सेकंद आणि कणाची त्रिज्या अर्धा मायक्रॉन, असे आकडे घातले की D साधारण ०.४९ चौरस मायक्रॉन प्रति सेकंद येतो. एका दिशेतलं विचरण 2Dt, म्हणजे सुमारे ०.९८ × t. हा योग फार सोयीचा आहे. एक मायक्रॉनचा कण, खोलीच्या तापमानाचं पाणी, अंतर मायक्रॉनमध्ये आणि वेळ सेकंदात घेतली, की विचरण जवळजवळ t इतकंच होतं. मग १०० सेकंदांनंतरचं प्रमाण विचलन १०० चं वर्गमूळ, म्हणजे १० मायक्रॉन. पुढे मी ०.९८ ऐवजी १ धरतो. त्याने अंतिम उत्तरात किती फरक पडतो तेही सांगेन.

खऱ्या प्रयोगात मात्र सूत्रावर विसंबू नका, मोजा. कण काचेच्या अगदी जवळ, त्रिज्येच्या काही पट अंतरावर असला, तर काचेमुळे पाण्याचा अडथळा वाढतो आणि D बराच कमी भरतो. दर सेकंदाला कणाचं स्थान टिपायचं, लागोपाठच्या स्थानांमधले फरक काढायचे आणि त्या फरकांचं विचरण घ्यायचं. ते १ च्या आसपास आलं तर ठीक. ०.६ आलं तर पुढच्या हिशोबात t च्या जागी 0.6t घाला, बाकी रीत तीच राहते.

पायरी २: दुप्पट कुठून येते ते नाणेफेकीवर पाहा

अखंड वाटेवर जाण्याआधी चार पावलांचा खेळ घेऊ. नाणं उडवायचं, छाप पडला तर एक पाऊल वर, काटा पडला तर एक पाऊल खाली. चार पावलांच्या एकूण १६ वाटा होतात आणि सगळ्या सारख्याच शक्यतेच्या. यांपैकी किती वाटा कधी ना कधी २ या पातळीला पोचतात?

हाताने मोजता येतं. पहिली दोन पावलं वर पडली की पातळी गाठली गेली, उरलेली दोन कशीही पडोत. या चार वाटा. शिवाय वर-खाली-वर-वर ही एक आणि खाली-वर-वर-वर ही एक. एकूण सहा.

आता याच सहा वाटा शेवटच्या स्थानावरून लावून पाहू. एक वाट ४ वर संपते, चार वाटा बरोबर २ वर संपतात आणि एक, वर-वर-खाली-खाली, २ ला शिवून ० वर परत येते. या परतलेल्या वाटेकडे नीट बघा. ती २ ला पहिल्यांदा शिवली त्या क्षणापासून पुढचं प्रत्येक पाऊल उलटं करा. खाली-खालीचं वर-वर होईल आणि वाट ४ वर संपेल. म्हणजे शिवून खाली परतलेल्या प्रत्येक वाटेला, शिवून वर गेलेली एक जोडीदार वाट आहे. उलट दिशेनेही तेच खरं, कारण ४ वर संपणाऱ्या वाटेला २ ओलांडण्यावाचून गत्यंतरच नाही. पातळीवर एक आडवा आरसा धरला आणि पहिल्या स्पर्शानंतरचा भाग त्यात पाहिला, की एक वाट दुसरीत बदलते. परावर्तन तत्त्व म्हणजे एवढंच.

नवशिक्यांचा पाय इथे एकदा हमखास घसरतो. २ वर किंवा त्याहून वर संपणाऱ्या वाटा पाच आहेत, म्हणून दुप्पट करून उत्तर दहा काढलं जातं. खरं उत्तर तर सहा. कारण बरोबर २ वर संपणाऱ्या चार वाटांना वेगळी जोडीदार वाट नसते, आरशात त्या रेघेवरच राहतात. त्यांना एकदाच मोजायचं. म्हणून पावलांच्या खेळात सूत्र असं आहे:

P(कमाल ≥ a) = 2·P(S > a) + P(S = a)

इथे P म्हणजे शक्यता, a म्हणजे गाठायची पातळी आणि S म्हणजे शेवटचं स्थान. आकडे घालून पाहा: दोन गुणिले एक, अधिक चार, बरोबर सहा.

पायरी ३: तेच अखंड वाटेवर न्या

ब्राउनीय गतीत हिशोब उलट सोपा होतो. शंभराव्या सेकंदाला कण बरोबर १५.००० मायक्रॉनवर असण्याची शक्यता शून्य असते, त्यामुळे मधला त्रासदायक गट गळून पडतो. उरतात दोन गट: रेघेला शिवून शेवटी पलीकडे असलेल्या वाटा, आणि शिवून शेवटी अलीकडे परतलेल्या वाटा. शेवटी पलीकडे असलेली वाट रेघेला शिवलेली असणारच, कारण वाट अखंड आहे, रेघ टाळून पलीकडे जाता येत नाही. परतलेल्या वाटा आरशामुळे पहिल्या गटाच्या बरोबरीच्या. म्हणून:

P(M(t) ≥ a) = 2·P(W(t) > a) = 2·(1 − Φ(a/√t))

इथे M(t) म्हणजे 0 पासून t पर्यंत वाटेने गाठलेलं कमाल स्थान, a ही शून्यापेक्षा मोठी पातळी आणि Φ म्हणजे प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यातलं डावीकडचं क्षेत्रफळ.

आरसा कुठे धरायचा याला मात्र फार महत्त्व आहे. तो पहिल्या स्पर्शाच्या क्षणीच धरावा लागतो. तो क्षण आला की नाही हे तोवरची वाट पाहूनच कळतं, पुढे काय होणार ते पाहावं लागत नाही. त्यामुळे त्या क्षणानंतर कण जणू नव्याने सुरुवात करतो आणि त्याला डावं-उजवं सारखंच. याऐवजी वाट कमाल स्थानी असते त्या क्षणी आरसा धरला तर युक्तिवाद कोसळतो. तो क्षण कमाल होता हे वाट संपल्यावरच कळतं, आणि त्यानंतरचा भाग व्याख्येनेच खालच्या बाजूला असतो. तिथे समतोल कसला? शेवटच्या स्पर्शाचा क्षणही असाच, पुढचं पाहिल्याशिवाय तो ओळखता येत नाही. 'पहिल्या स्पर्शानंतर नव्याने सुरुवात' हे वाक्य सहज पटतं, पण त्याची काटेकोर सिद्धता बाशेलिए यांच्या प्रबंधानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने आली.

पायरी ४: आकडा काढा

पातळी १५, वेळ १००. a/√t = १५/१० = १.५. तक्त्यात Φ(१.५) = ०.९३३२, म्हणजे शंभराव्या सेकंदाला पलीकडे असण्याची शक्यता ०.०६६८. दुप्पट केली की ०.१३३६. साधारण साडेसात कणांतला एक कण या १०० सेकंदांत रेघेला शिवेल, आणि शिवलेल्यांपैकी निम्मे शेवटी रेघेच्या अलीकडे सापडतील. विचरणाचा दर १ ऐवजी ०.९८ धरला तर उत्तर १३.४ टक्क्यांऐवजी १३.० टक्के येतं. पहिल्या अंदाजाला तेवढा फरक चालतो, मोजमापाला चालणार नाही.

सूत्रात a आणि t सुटे येत नाहीत, फक्त a/√t येतं. रेघ दुप्पट लांब नेली तर तीच शक्यता मिळायला वेळ चौपट द्यावा लागतो. यावरून आणखी एक प्रश्न सुटतो: रेघेला शिवण्याची शक्यता ५० टक्के व्हायला किती थांबावं लागेल? त्यासाठी a/√t चं मूल्य ०.६७४५ हवं, म्हणजे t = २.२ × a². आपल्या १५ मायक्रॉनसाठी सुमारे ४९५ सेकंद, सव्वाआठ मिनिटं. तासाभरात शक्यता ८० टक्क्यांवर जाते. आणि २४ तासांनी? तरीही जवळपास ४ टक्के कण एकदाही रेघेपर्यंत आलेले नसतात. वेळेला मर्यादा नसेल तर प्रत्येक कण कधी ना कधी शिवतोच. पण हे मागे राहिलेले कण इतके रेंगाळतात, की पहिल्या स्पर्शाला लागणाऱ्या वेळेची सरासरी अनंत येते. म्हणून प्रयोगात 'कण रेघेपर्यंत पोचायला सरासरी किती वेळ लागला' हा आकडा काढत बसू नका. जितका वेळ बघाल तितका तो वाढत जाईल. मध्यक घ्या, तो स्थिर राहतो.

पायरी ५: प्रवाह आहे का ते तपासा

स्लाइडवरचा थेंब कडेने सुकत असेल किंवा स्लाइड जराशी कललेली असेल, तर पाण्यात संथ प्रवाह असतो. मग आरशाचा आधारच जातो. उजवीकडे वाहणाऱ्या पाण्यात उजवी हालचाल आणि तिचं डावं प्रतिबिंब सारख्या शक्यतेचं राहत नाही. प्रवाहाचा वेग μ मायक्रॉन प्रति सेकंद असेल, आणि विचरण t इतकंच धरलं, तर योग्य सूत्र असं:

P(M(t) ≥ a) = Φ((μt − a)/√t) + exp(2μa)·Φ((−a − μt)/√t)

पहिलं पद शेवटी पलीकडे असलेल्यांचं, दुसरं शिवून परतलेल्यांचं. पूर्वी ही दोन्ही पदं सारखी होती, आता प्रवाह त्यांच्यात भेद करतो. दुसऱ्या पदातला घातांक गिर्सानोव्ह यांच्या प्रमेयातून येतो, त्याची सिद्धता इथे देत नाही. पण μ = 0 घालून बघा, दोन्ही पदं एक होऊन जुनी दुप्पट परत मिळते.

μ = ०.०५ घ्या, म्हणजे १०० सेकंदांत फक्त ५ मायक्रॉनची सरक. पहिलं पद Φ(−१) = ०.१५८७. दुसरं पद e च्या १.५ व्या घाताला, म्हणजे ४.४८ ला, Φ(−२) = ०.०२२७५ ने गुणून ०.१०२०. बेरीज ०.२६०७. प्रवाहाकडे दुर्लक्ष केलं असतं तर आपण १३.४ टक्के म्हणालो असतो. प्रवाह लक्षात घेऊन नुसतीच दुप्पट केली असती तर ३१.७ टक्के. दोन्ही चूक. प्रवाह उलट, डावीकडे असेल तर खरं उत्तर ५.८ टक्के येतं आणि आंधळी दुप्पट ४.६ टक्के दाखवते. प्रवाह रेघेकडे असेल तेव्हा दुप्पट जास्त सांगते, रेघेपासून दूर असेल तेव्हा कमी, कारण शिवलेल्यांपैकी परतणाऱ्यांचा वाटा दुसऱ्या प्रसंगी वाढतो.

हा प्रवाह ओळखायचा कसा? एका कणावरून ओळखता येत नाही. १०० सेकंदांत प्रवाहाने ५ मायक्रॉन सरकवलं, पण नुसत्या थरथरीचं प्रमाण विचलनच १० मायक्रॉन आहे. प्रवाह तिच्यात बुडून जातो. त्याच थेंबातले एकमेकांपासून दूर असलेले १०० कण घेतले, तर त्यांच्या सरासरी सरकण्याचं प्रमाण विचलन १ मायक्रॉनवर येतं, आणि मग ५ मायक्रॉनची सरासरी लपत नाही. एकाच कणाची लांबलचक नोंद असेल तर निदान तिची एकूण सरक आणि एकूण वेळेचं वर्गमूळ यांची तुलना करा. सरक वर्गमुळाच्या तिप्पट-चौपट भरली तर प्रवाह आहे असं समजा.

पायरी ६: कॅमेऱ्याने काय पाहिलं नाही त्याचाही हिशोब घ्या

सूत्र अखंड वाटेचं आहे, कॅमेरा मात्र ठरावीक क्षणीच बघतो. दोन चित्रांच्या मधे कण रेघेला शिवून परत आला, तर नोंदीत ते दिसत नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेरँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅस्टिक डिंकाच्या कणांच्या वाटा काढल्या. कणाची त्रिज्या ०.५३ मायक्रॉन होती, म्हणजे आपल्या कणाइतकाच तो मोठा. दर ३० सेकंदांनी एक ठिपका, आणि ठिपके सरळ रेघांनी जोडलेले. ही चित्रं पुढे पुस्तकांतून सर्वत्र गेली. त्यातली प्रत्येक सरळ रेघ खोटी आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दर सेकंदाला ठिपका टिपला असता तर एकेका रेघेच्या जागी तीस बाजूंची, अख्ख्या चित्राइतकीच वाकडीतिकडी वाट आली असती, असं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे.

ही खोटी रेघ किती लपवते ते परावर्तन तत्त्वानेच मोजता येतं. कणाचं h सेकंदांच्या सुरुवातीचं स्थान x आणि शेवटचं y माहीत आहे, दोन्ही रेघेच्या अलीकडे. मधे तो रेघेला शिवला असेल का? शिवून y वर आलेल्या वाटा आरशात 2a − y वर पोचतात. म्हणून 2a − y या ठिकाणची घनता भागिले y या ठिकाणची घनता, हेच उत्तर. प्रसामान्य वितरणाची सूत्रं घालून भागाकार केला की उरतं:

P(मधे शिवला) = exp(−2(a − x)(a − y)/h)

पेरँ यांच्यासारखे ३० सेकंदांचे ठिपके घ्या. एक ११ मायक्रॉनवर, पुढचा १२ वर, आपली रेघ १५ वर. घातांकात −२ × ४ × ३ / ३०, म्हणजे −०.८, आणि उत्तर ०.४५. कागदावरची रेघ ११ पासून १२ पर्यंत निवांत जाते आणि १५ च्या आसपासही फिरकत नाही. तरी या तीस सेकंदांत कण १५ ला शिवून आल्याची शक्यता जवळपास निम्मी आहे. प्रवाह असला तरी हे सूत्र बदलत नाही, कारण दोन्ही टोकं माहीत झाली की प्रवाहाचा परिणाम त्यांच्यातच आलेला असतो.

सगळी नोंद एकदम हिशोबात घ्यायची तर एक ठोकताळा आहे. दर h सेकंदांनीच पाहत असाल तर रेघ जणू ०.५८२६ × √h इतकी लांब सरकलेली आहे असं समजा आणि मूळ सूत्र वापरा. दर सेकंदाला एक चित्र असेल तर १५ च्या जागी १५.५८, आणि शक्यता १३.४ वरून ११.९ टक्क्यांवर. दर ४ सेकंदांनी एक चित्र असेल तर १०.६ टक्के. नोंदीतून मोजलेली टक्केवारी सूत्रापेक्षा सतत थोडी कमी येत असेल, तर आधी इथे पाहा. मात्र चित्रं मोजकीच असतील तर हा ठोकताळा ढिला पडतो. तिथे वरचं दोन टोकांचं सूत्र वापरणं बरं.

पायरी ७: संगणकावर पडताळा

पायथॉन आणि नमपाय असेल तर दहाएक ओळींत सगळं तपासता येतं.

```python
import numpy as np
from math import erfc, sqrt

a, t, n, N = 15.0, 100.0, 1000, 20000
dt = t / n
rng = np.random.default_rng(7)
w = np.cumsum(rng.normal(0, sqrt(dt), (N, n)), axis=1)

print((w.max(axis=1) >= a).mean())   # फक्त ठिपके
print(erfc(a / sqrt(2 * t)))         # सूत्र
```

दुसरी ओळ ०.१३३६ छापेल. `erfc` मध्ये दुप्पट आधीच आलेली असते, तिला पुन्हा दोनाने गुणू नका. पहिली ओळ मात्र ०.१२९ च्या आसपास येईल, योगायोगाने पाव टक्का इकडे-तिकडे. हजार पावलं घेऊनही ती कमीच भरते, कारण √h फार हळू लहान होतं. पावलं शंभरपट केली तेव्हा कुठे तफावत दहा पटींनी कमी होते. त्यापेक्षा दोन ठिपक्यांमधल्या अदृश्य स्पर्शाची शक्यता जोडून द्या:

```python
x = np.hstack([np.zeros((N, 1)), w])
g = np.clip(a - x, 0, None)
q = 1 - np.exp(-2 * g[:, :-1] * g[:, 1:] / dt)
print((1 - q.prod(axis=1)).mean())
```

`g` म्हणजे प्रत्येक ठिपक्यापासून रेघेपर्यंतचं उरलेलं अंतर, आणि रेघ ओलांडली असेल तर शून्य. `q` म्हणजे त्या तुकड्यात न शिवल्याची शक्यता. सगळ्या तुकड्यांचा गुणाकार एकातून वजा केला की त्या वाटेने कुठेतरी स्पर्श केल्याची शक्यता मिळते. आता `n = 1000` च्या जागी `n = 10` करून दोन्ही आकडे पुन्हा काढा. नुसत्या ठिपक्यांचा आकडा खूप खाली घसरेल, हा दुसरा आकडा ०.१३३ च्या आसपासच राहील. आकडा ०.१३३६ पासून अर्ध्या टक्क्याहून जास्त लांब गेला तर बहुधा `dt` विसरला आहात किंवा `sqrt` राहून गेलं आहे.

दोन्ही बाजूंना रेघा असतील तर

कॅमेऱ्याच्या चौकटीला उजवी कड असते तशी डावीही असते. कण मधोमध आहे आणि दोन्ही कडा १५ मायक्रॉनवर आहेत असं धरलं, तर एकीची शक्यता दुप्पट करून २६.७ टक्के म्हणण्याचा मोह होतो. या आकड्यांपुरतं ते खरंही आहे, कारण १०० सेकंदांत दोन्ही कडांना शिवणारा कण जवळजवळ नसतोच. पण कडा ५ मायक्रॉनवर आणल्या की एकीची शक्यता ६१.७ टक्के होते आणि दुप्पट १२३ टक्के. शक्यता शंभराच्या वर गेली की चूक आपोआप उघडी पडते, ९० टक्के आली असती तर कदाचित पडली नसती. इथे दोन आरसे समोरासमोर येतात, म्हणून परावर्तन पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि चिन्हं आलटूनपालटून येतात. z = a/√t आणि Q = 1 − Φ लिहिलं तर:

P = 4·(Q(z) − Q(3z) + Q(5z) − Q(7z) + …)

z = ०.५ साठी कंसात ०.३०८५ − ०.०६६८ + ०.००६२ − ०.०००२, म्हणजे ०.२४७७, आणि उत्तर ९९.१ टक्के. पदं इतक्या झपाट्याने लहान होतात की चारांच्या पुढे जाण्याची गरज सहसा पडत नाही. z एकाहून मोठं असेल तर पहिलं पदच जवळपास पुरतं.